चकचकीत फरशीवरचे प्रतिबिंब: उलटी प्रत का पुरत नाही

प्रश्न: "एका मोठ्या दालनाच्या फोटोत मी समोरून चालत येणारी एक व्यक्ती कापून बसवली आहे. फरशी काळी, पॉलिश केलेली आहे आणि मागे मोठी खिडकी आहे. त्या व्यक्तीचीच प्रत उलटी करून पायाखाली ठेवली, अपारदर्शकता ३० टक्के केली आणि खालच्या टोकाकडे फिकट करत नेली. तरी ती तरंगल्यासारखीच दिसते. नेमके काय चुकते आहे? ओला रस्ता किंवा पाणी असेल तर हीच पद्धत चालेल का?"

तरंगल्याचा भास अपारदर्शकतेच्या आकड्यामुळे होत नाही, त्यामुळे तो आकडा वरखाली करून तो जाणार नाही. त्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की फरशीत दिसते ते त्या फोटोचे उलटे रूप नसते. तुमचा कॅमेरा फरशीच्या जितका वर आहे तितकाच खाली दुसरा कॅमेरा ठेवला, तर त्याला ती व्यक्ती जशी दिसेल तशी ती फरशीत उलटी दिसते. दुसरे कारण असे की व्यक्ती तिथे येण्यापूर्वीही फरशीत काहीतरी दिसतच होते. तुमच्या फोटोत ती मागची खिडकी आहे. व्यक्ती उभी राहिली की आधी ती खिडकीचा काही भाग झाकते आणि मग तिथे तिचे स्वतःचे प्रतिबिंब पडते. तुम्ही फक्त दुसरी गोष्ट केली आहे, पहिली राहून गेली आहे.

किती फरक पडतो हे कॅमेऱ्याची उंची, व्यक्तीचे अंतर आणि फरशीचे पॉलिश यांवर अवलंबून आहे. म्हणून मी एक ठरावीक उदाहरण धरून पुढचे सांगतो. कॅमेरा जमिनीपासून १.५ मीटरवर आहे, व्यक्ती ५ मीटरवर आहे, तिची उंची १.७ मीटर आहे आणि कॅमेरा सुमारे १५ अंश खाली झुकवलेला आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स लावून फोटो आडवा घेतला, तर अशा मांडणीत व्यक्ती आणि तिचे पूर्ण प्रतिबिंब चौकटीत जेमतेम मावते. तुमचे आकडे वेगळे असतील, पण कामाचा क्रम बदलत नाही.

सुरुवात व्यक्तीपासून न करता पार्श्वभूमीपासून करावी. मी आधी मूळ फोटोत, व्यक्ती जिथे उभी करायची आहे साधारण तेवढ्याच अंतरावर फरशीवर उभी असलेली एखादी वस्तू शोधतो. खांब असेल तर उत्तम, नाहीतर दाराची चौकट किंवा खुर्चीचा पाय. त्या वस्तूचे प्रतिबिंब मूळ फोटोतच असल्यामुळे बहुतेक उत्तरे तिथेच मिळतात: प्रतिबिंब किती लांब आहे, पायथ्यापाशी त्याची कड किती रेखीव आहे, वर गेल्यावर ती किती पसरते आणि ते मूळ वस्तूपेक्षा किती मंद आहे. असे काहीच फोटोत नसेल तर पुढचे आकडे अंदाजाने घ्यावे लागतात. तेव्हा हे काम अवघड होते, हे आधीच मान्य केलेले बरे.

आता पायांकडे या, कारण तरंगण्याचा भास सर्वांत आधी तिथे होतो. चालणाऱ्या व्यक्तीचा एक पाय पुढे आणि एक मागे असतो. फोटोत मागच्या पायाचा टेकलेला भाग पुढच्या पायापेक्षा थोडा वर दिसतो. समजा हा फरक ४० पिक्सेलचा आहे. तुम्ही पूर्ण आकृती पुढच्या बुटाच्या रेषेवरून उलटवली, तर पुढचा बूट आपल्या प्रतिबिंबाला बरोबर टेकतो, पण मागच्या बुटाचे प्रतिबिंब त्या रेषेच्या ४० पिक्सेल खाली जाते. मागचा बूट आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यामध्ये ८० पिक्सेलची फरशी उघडी राहते. पाहणाऱ्याला हे कारण सांगता येणार नाही, पण तो पाय हवेत आहे हे त्याच्या नजरेला लगेच कळते.

यावर उपाय म्हणजे आकृती एका रेषेवरून उलटवायचीच नाही. मी तिचे तीन भाग करतो. पुढचा पाय त्याच्या टेकलेल्या रेषेवरून, मागचा पाय त्याच्या रेषेवरून आणि धड त्या दोन रेषांच्या साधारण मधून उलटवतो, कारण चालताना शरीराचा भार दोन्ही पायांच्या मध्ये कुठेतरी असतो. असे केल्यावर मांडीच्या जागी तिन्ही भाग एकमेकांशी थोडे जुळत नाहीत. तिथे फोटोशॉपच्या `Puppet Warp` ने गुडघ्यापासून कमरेपर्यंत हळूहळू ताणून ते जोडून घ्यावेत. पावलाजवळ मात्र काहीही हलू द्यायचे नाही. जोडणीतली किंचित ओढाताण पुढच्या ब्लरमध्ये झाकली जाते. पावलाजवळची चूक कशानेच झाकली जात नाही.

पावलाविषयी एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. सपाट टेकलेल्या बुटाचेही टोक बहुधा जमिनीला लागलेले नसते, ते सेंटिमीटरभर वर उचललेले असते. म्हणून बुटाचे टोक आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यात बारीक चंद्रकोरीसारखी फट दिसायला हवी, आणि ती उचललेल्या उंचीच्या दुप्पट उंचीची असते. बुटाचा तळ जिथे खरोखर टेकतो तिथेच वरची आणि खालची आकृती एकमेकांना चिकटतात. मागच्या पायाची टाच उचललेली असेल तर तिच्या खालीही हेच होते. ही फट तळाच्या गडद सावलीने भरलेली असते. ती हाताने रंगवायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि बूट फरशीवर बसवण्यात तिचा वाटा मोठा असतो.

पाय बसले की लांबी. कॅमेरा अगदी समपातळीत धरलेला असेल, म्हणजे खाली किंवा वर झुकवलेला नसेल, तर उभी वस्तू आणि तिचे प्रतिबिंब फोटोत सारख्याच लांबीचे येतात. कॅमेरा खाली झुकवला की प्रतिबिंब आखूड होते आणि डोक्याकडे अरुंदही होते, कारण प्रतिबिंबातले डोके लेन्सच्या दिशेत मोजले तर खऱ्या डोक्यापेक्षा दूर असते. आपल्या उदाहरणात हे प्रमाण सुमारे ०.८४ येते. यातली सोयीची गोष्ट अशी की दोन्ही बदल एकाच आकड्याने ठरतात: प्रतिबिंबाची एकूण लांबी व्यक्तीच्या लांबीच्या ०.८४ पट आणि प्रतिबिंबातल्या डोक्याची रुंदीही खऱ्या डोक्याच्या ०.८४ पट. पायाजवळ मात्र रुंदी जशीच्या तशी राहते. त्यामुळे मूळ फोटोतल्या खांबावर व्यक्तीच्या उंचीइतक्या ठिकाणी त्याची रुंदी मोजायची, प्रतिबिंबात त्याच ठिकाणची रुंदी मोजायची आणि भागाकार करायचा. मिळालेला आकडा `Edit > Transform > Distort` मध्ये दोन्हीसाठी वापरायचा. व्यक्ती दूर असेल तर हे प्रमाण १ च्या जवळ जाते, म्हणून मोजायचा खांब साधारण त्याच अंतरावरचा हवा.

झुकलेल्या कॅमेऱ्याची आणखी एक खूण असते. चौकटीच्या कडेला असलेले खांब फोटोत थोडे तिरके दिसतात, आणि खांब व त्याचे प्रतिबिंब मिळून एकच सरळ रेषा होते. कडेला उभ्या असलेल्या व्यक्तीची प्रत फक्त उभी उलटवली, तर तिचा कल उलट दिशेला जातो आणि पावलाजवळ कोपर तयार होतो. फिरवून ती रेषा सरळ करावी लागते. व्यक्ती चौकटीच्या मध्यावर असेल तर हा प्रश्न येत नाही.

यापुढचा भाग असा आहे की तिथे प्रतीचा उपयोगच संपतो. १.६५ मीटर उंचीवरच्या चेहऱ्याचा विचार करा. तुमचा कॅमेरा त्याच्या साधारण समोर आहे, पण फरशीखालचा कल्पित कॅमेरा त्याच्या ३.१५ मीटर खाली आहे. ५ मीटर अंतरावरून याचा अर्थ तो चेहऱ्याकडे सुमारे ३२ अंश खालून पाहतो. त्याला हनुवटीचा खालचा भाग, नाकपुड्या, टोपीच्या कडेची खालची बाजू आणि कोटाच्या घेराच्या आतला अंधार दिसतो. उलट्या प्रतीत मात्र चेहरा तुमच्याकडे समोरासमोर बघत असतो, आणि फरशीतून सरळ आपल्याकडे पाहणारा चेहरा हा कापून बसवलेल्या चित्रांतला सर्वांत उघडा पडणारा दोष आहे. पावलाजवळ ही अडचण नाही, कारण तिथे दोन्ही कॅमेऱ्यांना जवळपास तेच दिसते. जसजसे वर जावे तसतसा फरक वाढतो. अंतर २० मीटर असेल तर हाच कोन ९ अंशांवर येतो आणि साधी प्रत निभावून जाते.

व्यक्तीचा फोटो तुम्हीच घेणार असाल तर उपाय सोपा आहे. नेहमीचा फोटो झाल्यावर व्यक्तीला मीटरभर उंचीच्या भक्कम चौथऱ्यावर उभे करावे, पोज आणि प्रकाश तोच ठेवावा, आणि कॅमेरा जमिनीला टेकवून त्याच अंतरावरून आणखी एक फोटो घ्यावा. कॅमेरा आता पावलांच्या मीटरभर खाली आहे, अचूक १.५ मीटर नसला तरी प्रतिबिंबासाठी हा फोटो उलट्या प्रतीपेक्षा पुष्कळ खरा असतो. चालतानाची पोज दुसऱ्यांदा हुबेहूब येत नाही, म्हणून पाय पहिल्या फोटोतले घ्यावेत आणि कमरेपासून वरचा भाग दुसऱ्यातला. फोटो आयताच मिळालेला असेल तर चेहऱ्याचा तपशील मुद्दाम पुसून टाकावा: हनुवटीखाली सावली वाढवावी, डोळे आणि ओठ ब्लरमध्ये विरघळू द्यावेत, किंवा चौकट अशी कापावी की प्रतिबिंब छातीपर्यंतच दिसेल. यातला शेवटचा मार्ग मी सर्वांत जास्त वापरतो.

आता प्रकाश. तुमच्या चित्रातली मुख्य अडचण मला इथे दिसते. पॉलिश केलेला दगड त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा किती भाग आरशासारखा परत पाठवतो हे नजरेच्या कोनावर ठरते. सरळ वरून पाहिले तर सुमारे ४ टक्के. जसजशी नजर फरशीला समांतर होत जाते तसतसे हे प्रमाण वाढते. आपल्या उदाहरणात पावलाचे प्रतिबिंब जिथे दिसते तिथे नजर फरशीशी सुमारे १७ अंशांचा कोन करते, आणि उत्तम पॉलिश असेल तर तिथे साधारण २२ टक्के प्रकाश परततो. डोक्याचे प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या अधिक जवळ, सव्वादोन-अडीच मीटरवर दिसते. तिथे कोन सुमारे ३३ अंशांचा होतो आणि प्रमाण ८ टक्क्यांवर येते. प्रतिबिंब खालच्या टोकाकडे फिकट होते ते यामुळे. म्हणून फिकटपणा शून्यापर्यंत नेणे चूक आहे. डोक्यापाशीही काहीतरी उरायला हवे.

२२ आणि ८ हे खऱ्या प्रकाशाचे आकडे आहेत, लेयरच्या अपारदर्शकतेचे नाहीत. नेहमीच्या फोटो फाइलमध्ये उजळपणाची मूल्ये सरळ प्रमाणात साठवलेली नसतात. काळ्या फरशीवर `Screen` पद्धतीने लेयर ठेवला, तर २२ टक्के प्रकाशासाठी अपारदर्शकता साधारण ५० टक्के लागते आणि ८ टक्क्यांसाठी साधारण ३२. म्हणजे तुम्ही निवडलेले ३० टक्के डोक्यासाठी जवळपास बरोबर होते आणि पावलासाठी फारच कमी. जिथे पकड सर्वांत घट्ट हवी तिथेच प्रतिबिंब दुबळे पडले. लेयर मास्कमध्ये पावलापाशी ५० आणि डोक्यापाशी ३० असा उतार द्या आणि मग खांबाशी ताडून बघा. पॉलिश जुने असेल, किंवा मूळ फोटो पोलरायझर लावून घेतलेला असेल, तर दोन्ही आकडे खाली येतील. तिथे गणितापेक्षा खांबाचे ऐकावे.

`Screen` का, `Normal` का नाही, हेही स्पष्ट करतो. प्रतिबिंब म्हणजे फरशीच्या स्वतःच्या रंगावर वाढलेला प्रकाश असतो. `Normal` मध्ये ठेवलेला काळा कोट फरशीला आणखी काळी करतो. काळ्या कोटाचे प्रतिबिंब फरशीचा स्वतःचा रंग कधीच गडद करू शकत नाही. ते फक्त काही वाढवत नाही. दगड, लाकडावरचे वॉर्निश, पाणी या सर्वांत प्रतिबिंब व्यक्तीच्याच रंगाचे असते, फरशीचा रंग त्याला चढत नाही. तो वेगळा, खालून मिसळतो.

मग खऱ्या फोटोत व्यक्तीचे प्रतिबिंब आजूबाजूच्या फरशीपेक्षा गडद दिसते ते कसे? कारण तिथे आधी खिडकीचे प्रतिबिंब होते आणि व्यक्तीने ते अडवले. हीच तुमच्या चित्रातली राहून गेलेली पायरी आहे. तुमच्या फरशीवर खिडकीचा लांब उजळ पट्टा व्यक्तीच्या पायाशी येऊन तिच्या प्रतिबिंबातूनही आरपार दिसत असणार. म्हणजे ती व्यक्ती काचेची असल्यासारखी झाली. प्रतिबिंबाच्या आकाराचा मास्क असलेला एक `Curves` लेयर प्रतिबिंबाच्या खाली घाला आणि खिडकीचा पट्टा तिथे इतका उतरवा की त्या आकाराच्या आतली फरशी, शेजारी जिथे खिडकी पडत नाही तिथल्या फरशीइतकी गडद होईल. पट्टा फार उजळ असेल आणि `Curves` ने तिथे राखाडी डाग उरत असेल, तर शेजारची गडद फरशी क्लोन करून भरा. दगडातल्या रेषांची दिशा मात्र सांभाळा. त्यानंतरच वर `Screen` मधले प्रतिबिंब चालू करा.

हे केल्यावर बहुतेक वेळा असे दिसते की प्रतिबिंबाचे निम्म्याहून जास्त काम त्या `Curves` लेयरनेच केले आहे. मागे खिडकी असलेल्या व्यक्तीची कॅमेऱ्याकडची बाजू सावलीत असते, त्यामुळे तिच्याकडून फरशीला मिळणारा प्रकाश मुळात थोडाच असतो. वरचा लेयर बंद करून पाहिले तरी व्यक्ती फरशीवर उभी वाटते. खालचा बंद केला की लगेच सुटते. पांढऱ्या संगमरवरावर हा प्रकार आणखी ठळक असतो. तिथे फरशीचा स्वतःचा उजळपणाच इतका असतो की वाढलेला प्रकाश जवळजवळ दिसत नाही आणि खिडकी अडवल्याची गडद आकृती तेवढी उरते.

सावली आणि प्रतिबिंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फरशीवर दोन्ही असतात. सावली फरशीच्या स्वतःच्या रंगावर पडते, प्रतिबिंबावर नाही, म्हणून सावलीचा लेयर खाली आणि प्रतिबिंबाचा वर. काळ्या पॉलिशवर सावली क्षीण असते, पावलाखालच्या जागेपुरती दिली तरी पुरते. पांढऱ्या फरशीवर ती पूर्ण द्यावी लागते, आणि सावलीच्या आत प्रतिबिंब बाहेरपेक्षा स्पष्ट दिसते.

ब्लर पावलापाशी शून्य असतो आणि अंतराबरोबर वाढतो. इथे अंतर म्हणजे तो अवयव फरशीपासून किती उंच आहे ते. बुटाची कड रेखीव, गुडघा मऊ, खांदे आणखी मऊ. `Field Blur` मध्ये बुटाजवळ शून्याची पिन आणि डोक्याजवळ खांबावरून ठरवलेल्या मूल्याची पिन ठेवली की हा उतार आपोआप मिळतो. फोकसशी याची गल्लत करू नका. प्रतिबिंबाच्या दृष्टीने कॅमेऱ्यापासूनचे अंतर फरशीपर्यंतचे नसून व्यक्तीपर्यंतच्या पूर्ण वाटेचे असते. त्यामुळे जवळची फरशी फोकसबाहेर असली तरी तिच्यात दिसणारी व्यक्ती बऱ्यापैकी फोकसमध्ये असू शकते; दगडाचे कण धूसर आणि त्यातला बूट स्पष्ट, हे दृश्य खरे आहे.

फरशी लाद्यांची असेल तर शेवटी सांध्यांकडे लक्ष द्या. सांध्यातले सिमेंट चकाकत नाही, म्हणून तिथे प्रतिबिंब तुटते; मास्कमध्ये त्या रेषा काढून टाका. शिवाय कोणतीही लादी शेजारच्या लादीशी अगदी एका पातळीत नसते. लादी जितकी कललेली असेल त्याच्या दुप्पट कोनाने प्रतिबिंब सरकते, त्यामुळे सांध्यापाशी आकृतीची कड किंचित उडी मारते. मूळ फोटोत खिडकीच्या कडा कोणत्या सांध्यावर किती सरकल्या आहेत हे १०० टक्के मोठे करून बघा आणि व्यक्तीच्या प्रतिबिंबाचा त्या त्या लादीतला तुकडा तेवढाच सरकवा. ही उडी पावलापाशी नगण्य असते आणि डोक्याकडे वाढते. एक-दोन पिक्सेलचीच उडी असली तरी तिच्यामुळे प्रतिबिंब फरशीवर चिकटवल्यासारखे न राहता फरशीत उतरते.

ओल्या रस्त्याला हीच भूमिती लागू आहे, फक्त पृष्ठभाग वेगळा वागतो. साचलेले पाणी सपाट असते आणि जवळजवळ आरशाचे काम करते; त्याच्या भोवतालचे ओले डांबर खडबडीत असते आणि प्रतिबिंबाला उभ्या दिशेने ओढते, आडव्या दिशेने फार कमी. म्हणून मी प्रतिबिंबाचे दोन लेयर करतो: एक रेखीव, जो डबक्यांच्या मास्कमध्येच दिसतो, आणि दुसरा ९० अंशांच्या `Motion Blur` ने लांबवलेला, जो बाकी रस्त्यावर दिसतो. रात्रीच्या दृश्यात दिव्यांचे लांब पट्टे इतके तेजस्वी असतात की व्यक्तीचे स्वतःचे प्रतिबिंब हलक्या रंगाच्या कपड्यांपुरतेच जाणवते. तिथे जवळपास सगळे काम दिव्याचा पट्टा अडवण्याचे आहे. पट्टा मुळातच पसरलेला असल्यामुळे अडवलेल्या जागेची कड मऊ असावी. धारदार कापलेला पट्टा लगेच खोटा वाटतो.

पाण्यात सर्वांत जास्त चुकते ती उलटवण्याची रेषा. व्यक्ती पाण्यात उभी असेल तर ती रेषा पावलावर नसून पाणी पायाला जिथे छेदते तिथे असते. व्यक्ती काठावर, पाण्याच्या अर्धा मीटर वर उभी असेल तर पाण्याची पातळी तिच्या पायाखाली जमिनीतून पुढे गेली आहे असे समजून रेषा तिथे धरावी लागते. मग व्यक्ती आणि प्रतिबिंब यांच्यामध्ये आधी काठाचे प्रतिबिंब येते, आणि काठ रुंद असेल तर पाय दिसतच नाहीत, गुडघ्यापासून वरचाच भाग पाण्यात उतरतो. रेषा कुठे आहे हे काठावरच्या एखाद्या झाडावरून किंवा खांबावरून काढता येते: कॅमेरा समपातळीत असेल तर शेंडा आणि त्याचे प्रतिबिंब यांच्या बरोबर मध्ये ती असते.

लाटा असतील तर प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या दिशेने लांबते आणि आडव्या तुकड्यांत फुटते. दूरचे तुकडे बारीक, जवळचे मोठे. `Displace` फिल्टरला त्याच पाण्याचा कृष्णधवल आणि किंचित ब्लर केलेला फोटो नकाशा म्हणून दिला की तुकडे मूळ लाटांवर बसतात; आयत्या पोताचा नकाशा दिला की ते लाटांशी फटकून वागतात. गढूळ पाण्यात काळे कपडे काळे दिसत नाहीत, कारण पाण्याचा स्वतःचा रंग खालून मिसळतो. `Screen` पद्धतीत तो आपोआप येतो. `Normal` मध्ये काम केले असेल तर गडद भाग तेवढे उचलावे लागतात.

तपासणीसाठी मी सर्वांत वर एक तात्पुरता `Curves` लेयर घालतो आणि गडद भाग खूप उजळवतो. काळ्या फरशीवर जे दोष साध्या नजरेला दिसत नाहीत ते तिथे उघडे होतात: मास्कची कड, क्लोनचा डाग, खिडकीचा उरलेला पट्टा. विशेषतः प्रतिबिंबाचा कोणताही भाग, खिडकी पडत नाही अशा शेजारच्या फरशीपेक्षा गडद झालेला आढळला, तर `Curves` ने खिडकी गरजेपेक्षा जास्त उतरवली गेली आहे, किंवा कुठेतरी `Normal` लेयर राहिला आहे. त्यानंतर पूर्ण चित्र उलटे करून पाहा. प्रतिबिंब वर आले की डोळा त्याला व्यक्ती म्हणून वाचू लागतो, आणि पावलाची फट, आकृतीचा कल, चेहऱ्याचा कोन यांतले जे चुकले असेल ते लगेच नजरेला टोचते.

तुमच्या चित्रात मी आधी फक्त दोन गोष्टी करून बघेन: मागचा पाय त्याच्या स्वतःच्या रेषेवरून उलटवेन आणि प्रतिबिंबाखालची खिडकी उतरवेन. कॅमेरा किती झुकलेला होता हे तुम्ही सांगितलेले नाही, म्हणून लांबीचे प्रमाण खांबावरून तुम्हालाच मोजावे लागेल.